गोळी सुरू करण्याआधीचे चार आठवडे

प्रश्न : मी २८ वर्षांचा आहे. केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम रोज घ्यायला सांगितली आहे. इंटरनेटवर वाचलं की तिच्यामुळे कायमचं नपुंसकत्व येतं. घरी माझ्या लग्नाचं बघतायत. घेऊ की नको?

उत्तर : तुमच्याच वयाचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. पाकिटातून त्याने गोळ्यांची पट्टी काढली. औषधाचं नाव दिसू नये म्हणून ती कात्रीने कापलेली होती, कारण आईने पाहिलं तर काय सांगायचं हा प्रश्न. चाळीस दिवस गोळी घेऊन झाली होती आणि गेल्या दहा दिवसांपासून 'खाली काहीतरी बिघडलंय' असं त्याला वाटत होतं.

सकाळी उठताना ताठरता असते का, असं मी विचारलं. "हल्ली आठवड्यातून एखाद-दोनदा." आणि गोळीच्या आधी? तो गप्प बसला. आधी मोजलंच नव्हतं. बरोबरच आहे, ते कोण मोजतं? पण मग बिघाड ठरवायचा कशावरून?

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी बनतं आणि ज्यांच्यात टक्कल आनुवंशिक असतं त्यांच्या केसांची मुळं तेच बारीक करत नेतं. गोळी हे रूपांतर अडवते आणि रक्तातलं डीएचटी सुमारे दोन तृतीयांशाने उतरवते. लैंगिक कार्यातही या संप्रेरकांचा हात असतो, त्यामुळे 'सगळे मनाचे खेळ' म्हणून तक्रार उडवून लावणं मला पटत नाही.

मूळ चाचण्यांत पहिल्या वर्षी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साधारण चौघांनी कामेच्छा, ताठरता किंवा वीर्यपतनाची तक्रार केली. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांतही दोघांनी केली. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर गेला. तरी थांबवूनही त्रास राहिल्याच्या नोंदी येत राहिल्या, म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसं लिहिलं गेलं. असं किती जणांना होतं, हे अशा नोंदींवरून काढता येत नाही.

दुसरी बाजू आमच्या पेशाला अडचणीची आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात प्रोस्टेटच्या रुग्णांना हीच गोळी ५ मिलिग्रॅमची दिली. लैंगिक त्रास होऊ शकतो असं ज्यांना आधी सांगितलं, त्यांच्यात सुमारे ४४ टक्क्यांनी तक्रार केली. न सांगितलेल्यांत १५ टक्क्यांनी. म्हणजे हे लिहूनच मी तुमची जोखीम थोडी वाढवतोय. पण लपवणं मला जमणार नाही.

त्या मुलाला मी त्याच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. त्यांनी गोळी बंद केली. रोज सकाळी ताठरता होती का, याचं फक्त 'हो' किंवा 'नाही' वहीत लिहायचं आणि शेजारी झोपेचे तास, एवढंच काम मी दिलं. डीएचटी साधारण दोन आठवड्यांत मूळ पातळीवर येतं, म्हणून त्याआधी निष्कर्ष काढायचा नाही असं ठरलं. पहिल्या आठवड्यात दोन 'हो', चौथ्यात पाच. गोळीच कारण होती का? कदाचित. मात्र याच महिन्यात त्याने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर लोकांचे अनुभव वाचणंही सोडलं होतं आणि झोप पाचवरून सात तासांवर आली होती. वहीवरून दोन्ही वेगळं करता येईना.

त्याने गोळी पुन्हा सुरू केली नाही. रोज सकाळी तीच तपासणी मनात चालणार असेल तर केस राहूनही उपयोग नाही, असं तो म्हणाला. मिनॉक्सिडिल हे केस गळण्यावरचं औषध डोक्याला लावतो, केस अगदी बारीक ठेवतो. त्याच्या जागी दुसरा कोणी उलट ठरवू शकला असता. दोन वर्षांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांचे केस आणखी कमी झाले नाहीत, साखरेच्या गोळीवर असं २८ टक्क्यांचं झालं. हा फायदा छोटा नाही, पण तो टिकवायचा तर गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. थांबवल्यावर साधारण वर्षभरात राखलेले केस जातात.

तुम्ही अजून सुरू केलेली नाही, तर आधी चार आठवडे तशीच वही लिहा. मग ठरवा. सुरू केलीत आणि फरक जाणवला, तर 'बघू, जाईल' म्हणून महिने काढू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. पूर्वी कधी नैराश्य आलं असेल किंवा जीव द्यावासा वाटला असेल, तर ते गोळीच्या आधीच सांगा. आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केलं आहे. आणि लग्नानंतर मूल हवं असताना शुक्राणू कमी निघाले, तर या गोळीचा उल्लेख राहून जाऊ देऊ नका. काहींच्या बाबतीत ती थांबवल्यावर संख्या सुधारते.