चाकणची ऑफर आणि जळगावचा पगार: हिशेब कसा मांडावा?

प्रश्न: जळगावच्या एमआयडीसीत पाइप कारखान्यात सुपरवायझर आहे. हातात ३१,००० येतात, मूळ वेतन १८,०००, नोकरीला ४ वर्षे ४ महिने झाली. घर स्वतःचे, दादर ज्वारी आणि डाळ शेतातून येते. चाकणहून फोनवर ४३,००० सांगितले आहेत. पुढच्या आठवड्यात मालकांशी पगाराचे बोलायचे आहे. किती ताणावे?

उत्तर: ताणण्याआधी, बोलणी फिसकटली तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण नेमके काय करणार, हे ठरवावे लागते, कारण तोच आपला खरा पर्याय असतो आणि त्यापेक्षा कमी मिळत असेल तरच तोडणे परवडते. फोनवरचा आकडा हा असा पर्याय नव्हे.

४३,००० हातात येणार असे धरले, तरी चाकणला घरभाडे ७,०००, आजवर घरातून निघणारे धान्य आणि दूध २,०००, गावी येण्याजाण्याचे १,५०० असे १०,५०० वजा होतात आणि उरतात ३२,५००. म्हणजे बारा हजारांची दिसणारी वाढ प्रत्यक्षात दीड हजाराची आहे.

आता ग्रॅच्युइटी पाहावी. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर लागू होते आणि दर वर्षाला पंधरा दिवसांचे मूळ वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, मिळते. १८,००० ला २६ ने भागून, १५ ने आणि मग ५ वर्षांनी गुणले की सुमारे ५२,००० होतात. आज राजीनामा दिला तर आठ महिन्यांवर आलेली ही रक्कम हातची जाते, आणि महिन्याला दीड हजाराप्रमाणे ती भरून निघायला जवळजवळ तीन वर्षे लागतील.

म्हणून आज आपला सर्वोत्तम पर्याय चाकण नसून आहे त्या पगारावर थांबणे हाच आहे. मालकांकडे ३५,००० अवश्य मागावेत, पण ‘नाहीतर निघालो’ असे म्हणू नये; ते ‘बरं, निघा’ म्हणाले तर आपण अडचणीत येऊ. ३३,००० वर तडजोड झाली, तरी ती चाकणच्या निव्वळ रकमेहून सरसच ठरते.

पर्याय बळकट करायचा असेल, तर बोलणीपूर्वी चाकणकडून पत्र मागवावे. त्यात ४३,००० हा कंपनीचा एकूण खर्च निघाला, तर मालकाचा आणि आपला पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्यवसाय कर जाऊन हातात ३८,००० च्या आसपास येतील, आणि मग हा पर्याय मोजण्यातही अर्थ नाही. पण हातात खरोखर ४३,००० असतील आणि बुडणाऱ्या ५२,००० च्या बदल्यात रुजू होताना तेवढी एकरकमी रक्कम ते लेखी देत असतील, तर आपली खालची मर्यादा ३१,००० वरून थेट ३२,५०० वर जाते. त्यांनी नकार दिला, तर हीच मर्यादा आठ महिन्यांनी, पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, आपोआप लागू होईल. मात्र तोवर ऑफर टिकेल का, हे त्यांनाच विचारावे लागेल.