पुण्याला निघालीस, ताळा सोडू नकोस

अगं, काल रात्री मेसेज केलास की सर, तिथल्या क्लासात सगळी फास्ट असणार, मी एवढ्या स्टेप्स लिहीत बसले तर मागं पडेन, ताळा करणं सोडू का? सोडू नकोस. परत विचारलंस तरी हेच सांगीन.

दिवाळीच्या आधी ते गणित घातलेलं आठवतंय का, √(x+3) = x−3? तू दोन्ही बाजूंचा वर्ग केलास, x+3 = x²−6x+9, म्हणजे x²−7x+6 = 0, आणि उत्तर आलं 1 आणि 6. सगळ्या स्टेप्स बरोबर, आकडेमोड बरोबर, तरी उत्तर चूक. 1 घालून बघ पहिल्या समीकरणात, डावीकडं √4 म्हणजे 2, उजवीकडं 1−3 म्हणजे −2. जमत नाही. पण वर्ग केला की दोन्हीकडं 4 होतात ना, चिन्हाचा फरक तिथंच पुसला जातो आणि हा 1 गुपचूप आत शिरतो. 6 घातलास की दोन्हीकडं 3, म्हणजे खरी उकल तेवढी एकच. आणि जेईईत ‘1 आणि 6’ हा पर्याय तुझ्यासाठी मांडून ठेवलेला असणार, चुकलीस की चार तर जातातच, वर एक कापला जातो. ताळ्याला लागतात फार तर वीस सेकंद. कुठला वेळ वाचवणार आहेस तू?

मात्र ताळा शिरलेलं पकडतो, हरवलेलं नाही, हे पण ध्यानात ठेव. x² = 5x ला x नं भागून 5 काढलंस तर ताळा झकास जुळतो, आणि 0 गेलेला असतो हे कुणी सांगत नाही. म्हणून भागायच्या आधी थांबायचं, हा x शून्य असू शकतो का, एवढं बघायचं. सरळ 5x डावीकडं आण, x कॉमन काढ, दोन्ही उकली हातात येतात.

माझा पोर्शन उशिरा संपतो म्हणून विश्रामबागेतल्या चार पालकांनी पोरं दुसरीकडं घातली, माहितीये मला. घालू देत. मी ताळा न केलेली वही तपासत नाही, अजूनही नाही तपासणार, आणि यात माझं काय चुकलं ते मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

तिथं पहिल्या टेस्टला मार्क कमी पडतील, पडू देत. वर्गमूळ दिसलं, वर्ग केला, की ताळा. छेदात x दिसला, गुणून काढला, की ताळा. सरांनी फळ्यावर केलं नाही तरी तू कर, समासात कर, कुणी हसलं तर हसू दे.

भडंग जास्त घेऊन जा, होस्टेलला दोन दिवसांत संपतं. आणि गाडीत हे सोडव: √(2x+3) = x. नुसतं उत्तर पाठवलंस तर बघणार पण नाही, ताळ्यासकट फोटो पाठव.

तुझे सर