हिरा शीट, म्हणजे प्रत्येक कामातले धोके ओळखून त्यांच्या रिस्कचा आकडा मांडणारा तक्ता, वाचून शिफ्ट सुपरवायझरांसाठी टास्क, हॅझर्ड, कंट्रोल आणि रेसिड्युअल रिस्कची यादी काढायला सांगितली आहे. शीट नेमकी कशी वाचायची? जास्त स्कोअरच्या ओळी तेवढ्या घेतल्या तर चालेल का?

नाही चालणार. माझ्या मिलमध्ये ज्या ओळीने माणसाचं बोट घेतलं तिचा रेसिड्युअल स्कोअर, म्हणजे कंट्रोल लावल्यावर उरलेल्या रिस्कचा आकडा, ४ होता, हिरवा रंग. तुमच्या पद्धतीने यादी काढली असती तर ती ओळ यादीत आलीच नसती.

जळगावला एमआयडीसीत डाळ मिलला मी नऊ वर्षं शिफ्ट बघितली. जानेवारीची रात्र होती, तुरीचा सीझन, आवक जोरात. कच्च्या मालाच्या पिटमधून वर क्लीनरला तूर नेणारा एलिव्हेटर चोक झाला. साधारण तीस फुटांचा, बादल्यांचा पट्टा. वरची नळी तुंबली की माल परत खाली पडतो, बूट, म्हणजे एलिव्हेटरची तळाची पेटी, भरत जाते आणि पट्टा अडकतो. मोटर ट्रिप झाली. मी स्वतः पॅनेल बंद केलं, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. हेल्पर पिटमध्ये उतरला, बुटाचं झाकण काढलं आणि हाताने तूर ओढायला लागला. पाच मिनिटं काही झालं नाही. मग खालून ओरडला, “दादा, पट्टा उलटा फिरना!”

वीज बंद होती. कुलूप लागलेलं होतं. तरी पट्टा फिरला.

का ते समजून घ्या, कारण शीट वाचण्याची सगळी मेख इथेच आहे. एलिव्हेटर भरलेला असताना थांबला की चढत्या बाजूच्या बादल्या भरलेल्या असतात आणि उतरत्या बाजूच्या रिकाम्या. आमच्याकडे चढत्या बाजूला पंचेचाळीसेक बादल्या, एकेकीत किलोभर तूर. म्हणजे पंचेचाळीस किलो वजन एकाच बाजूला लटकलेलं. ते खाली का आलं नाही? कारण बुटात गच्च भरलेल्या तुरीनेच पट्टा धरून ठेवला होता. हेल्पर जी तूर उपसत होता तोच त्याचा ब्रेक होता. तो मोकळा झाला तसा पट्टा मागे पळाला, हात बादली आणि बुटाच्या पत्र्यामध्ये सापडला. उजव्या हाताची तर्जनी गेली, मधल्या बोटाचं हाड मोडलं. त्या रात्री शिफ्टने वर्गणी काढून भरीत केलं होतं, ते पातेल्यात तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी चौकशीला आमचे सेफ्टीवाले साहेब शीट घेऊन बसले. ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “रिस्क तर लो आहे. खाली तुमची सही आहे. म्हणजे सुपरव्हिजन कमी पडलं.” सही माझीच होती, पण ओळ मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली.

टास्कच्या रकान्यात होतं, “एलिव्हेटर सफाई, आठवड्यातून एकदा”. ती सफाई रविवारी होते, एलिव्हेटर रिकामा करून. चोक काढणं हे वेगळं काम आहे, ते भरलेल्या एलिव्हेटरवर आणि बहुतेक रात्रीच होतं. शीटमध्ये त्याची ओळच नव्हती. म्हणून यादी करताना आधी मेंटेनन्सचं ब्रेकडाउन रजिस्टर शेजारी घेऊन बसा. तीन महिन्यांत जे काम तीनदा झालं आणि शीटमध्ये नाही, ते तुमच्या यादीत आधी लिहा.

हॅझर्डच्या रकान्यात होतं, “फिरते भाग”. असले शब्द मला अजून खुपतात. फिरवतं कोण, ते लिहा. मोटर फिरवत असेल तर कुलूप पुरतं. लटकलेलं वजन फिरवत असेल तर पॅनेलच्या कुलपाचा त्याच्याशी संबंध नाही. हॅझर्ड असा लिहिला की कंट्रोल बरोबर आहे की नुसता भरलाय, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. आमच्या कंट्रोलच्या रकान्यात होतं, “मेन स्विच लॉक, हातमोजे, ट्रेनिंग, बॅकस्टॉप”.

ही चार नावं एकाच रांगेत, एकाच शाईत. पैकी बॅकस्टॉप, म्हणजे वरच्या शाफ्टला उलटं फिरू न देणारी खिट्टी, बसवलेलीच नव्हती. ती “प्रस्तावित” होती, मुदत दिवाळीची होती, दिवाळी उलटून गेली होती. स्कोअर मात्र ती बसली असं धरून काढलेला. तुम्ही यादी करताना प्रत्येक कंट्रोल मशीनपाशी जाऊन डोळ्यांनी बघा. दिसला नाही तर खोडा आणि त्याच्याशिवाय स्कोअर परत काढा.

आता स्कोअर. आमचा पाच बाय पाचचा तक्ता होता, शक्यता गुणिले तीव्रता. आधीची रिस्क ४ गुणिले ४, म्हणजे १६. रेसिड्युअल २ गुणिले २, म्हणजे ४. शक्यता कमी झाली हे एकवेळ समजू. तीव्रता ४ वरून २ वर कशाने आली? हातमोज्याने? पंचेचाळीस किलोचा पट्टा हातावर आला तर मोजा घातलेलं बोट तुटतं, एवढाच फरक. वजनच कमी केलं, वेग कमी केला किंवा धोकाच काढून टाकला, तर तीव्रता कमी होते. कुलूप, परवाना, सूचना यांनी शक्यता कमी होते, तीव्रता जागेवरच राहते. त्या रात्री जे खरोखर जागेवर होतं ते धरून मी आकडा काढला: शक्यता ३, तीव्रता ४, म्हणजे १२. आमच्या तक्त्यात १२ पिवळाही नव्हता, नारिंगी होता, आणि नारिंगीला सुपरवायझरने समोर उभं राहणं सक्तीचं होतं.

म्हणून यादी लावताना स्कोअरने नाही, तीव्रतेने लावा. तीव्रता ४ आणि ५ च्या सगळ्या ओळी वर, मग शेवटचा आकडा कितीही हिरवा असो. आणि दोन्ही तीव्रता शेजारी ठेवून बघा. उतरलेली असेल तिथे खूण करा आणि शीट भरणाऱ्याला विचारा, कशाने उतरली.

नंतर आम्ही बॅकस्टॉप बसवला, वर पट्ट्याला धरणारा शिकंजा केला, बुटाला खाली सरकतं झाकण केलं. आता आधी शिकंजा, मग झाकण, आणि तूर लांब दांड्याच्या आकड्याने ओढायची. शक्यता १, तीव्रता अजूनही ४. आकडा आलाच ना परत चारवर? आला. पण त्या ४ मध्ये आणि आधीच्या ४ मध्ये एका माणसाच्या बोटाएवढं अंतर आहे.

“ट्रेनिंग” हा शब्द शिफ्टच्या यादीत घेऊच नका. रात्री दोनला सुपरवायझर ट्रेनिंग तपासू शकत नाही, शिकंजा लागलाय का ते तपासू शकतो.

माझा अनुभव डाळ मिलचा आहे. पाइप प्लँट किंवा जिनिंगमध्ये काम असेल तर धोके वेगळे, जिनिंगला तर आगीचाच हिशेब मोठा. प्रत्येक कंपनीचा तक्ताही वेगळा असतो, काही ठिकाणी आकडे उलटे लावतात, ते शीटच्या तळाशी आधी बघा. शीट भरणारे सगळेच खोटं लिहितात असंही नाही. आमच्याकडे भरणाऱ्याने एलिव्हेटर चोक झालेला कधी पाहिला नव्हता, एवढंच. एक्सेलमध्ये रकाने कसे लावायचे ते मला विचारू नका, ते तुमच्या ऑफिसातला कोणीही सांगेल.

आणि सही मागतील तेव्हा शेजारी तारीख घाला आणि जो कंट्रोल दिसला नाही तो हाताने लिहा: “बॅकस्टॉप आज रोजी बसवलेला नाही”. साहेब रागावतील. माझ्यावर रागावले होते, तीन वर्षं, प्रत्येक शीटला. तो हेल्पर आता वजनकाट्यावर पावत्या लिहितो, डाव्या हाताने.