नव्या ऑफिसच्या उद्घाटनाचा शुभेच्छा मेसेज

प्रश्न: फोंड्यातले आमचे शेजारी काका-काकू, मुलगा आणि सून मिळून इलेक्ट्रिकल कामांची छोटी फर्म चालवतात. उद्या नव्या ऑफिसचं उद्घाटन आहे. मेसेज काय पाठवू?

उत्तर: हा पाठवा:

«काका, काकू, नव्या ऑफिसबद्दल तुम्हां चौघांचं मनापासून अभिनंदन! घरातल्या एका खोलीतून सुरू केलेलं काम आज स्वतःच्या पाटीखाली आलं, हे पाहून खूप आनंद झाला. श्री शांतादुर्गेच्या कृपेने तुमची उत्तरोत्तर भरभराट होवो. संध्याकाळी तीर्थप्रसादाला येतोच.»

माझं फोंड्यातच छपाईचं दुकान आहे, असे मजकूर रोज हाताखालून जातात. सगळ्यात जास्त चुकतं ते ‘नव्या व्यवसायाबद्दल शुभेच्छा’ असं लिहिण्यात. फर्म जुनीच आहे, नवीन आहे ती जागा. इतक्या वर्षांचे कष्ट त्या एका शब्दाने पुसले जातात. म्हणून झालेल्या कामाचं अभिनंदन आधी, पुढच्यासाठी शुभेच्छा नंतर. चौघंही राबतात, तेव्हा नुसतं काकांचं नाव घेऊ नका. सुनेला तर हे फार जाणवतं. ‘उद्घाटन’मध्ये ‘द’ला ‘घ’ जोडलेला असतो, ‘उद्धाटन’ नव्हे. मेसेज सकाळी पूजेआधी गेला तर उत्तम, नंतर पाहुण्यांच्या गर्दीत तो वाचायचा राहून जातो. खोलीचं वाक्य तुमच्या माहितीप्रमाणे बदला.

देवीचं नाव मात्र त्यांचं कुलदैवत तेच असल्याची खात्री असेल तरच घाला. नसेल, किंवा कुटुंब ख्रिस्ती असेल, तर ‘देवाच्या कृपेने’ लिहा आणि तीर्थप्रसादाऐवजी ‘भेटायला येतोच’ म्हणा.