भंडारा डोंगर, दशम्या आणि मूठभर डोंगर

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो, सुट्ट्या जुळत नाहीत. पहाटे कुठेतरी सूर्योदय बघत दोघांपुरती छोटी पिकनिक करायची आहे. पुणे-पिंपरीच्या आसपास शांत जागा आणि सोपं खाणं सुचवाल का?

सुट्ट्या जुळत नाहीत हे वाचलं आणि लिहायला बसले. माझा नवरा चाकणच्या कंपनीत, त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, माझी सुट्टी रविवारी. त्यात त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलणार. लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा हिशोब केला, तर दोघं एकत्र आणि दोघंही जागे असे आठवड्यातले तास एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

आधी फसलेली पिकनिक सांगते, कारण तुम्ही तीच चूक करणार आहात. सगळे करतात.

लग्नाचा वाढदिवस जानेवारीतला, त्या वर्षी बुधवारी आला. नवऱ्याने कुठल्याशा व्हिडिओत पवना धरणाचा काठ बघितला होता. धुकं, पाणी, मागे डोंगर. मी म्हटलं, आपण तळेगावात राहतो, कामशेतवरून पवनानगरला जायला तासभर लागेल, जवळ कुठेतरी जाऊ. तर म्हणाला, "जवळ जायचं तर गच्चीवरच बसू की." हे त्याचं नेहमीचं. लांब गेलं तरच गेल्यासारखं वाटतं. त्याच्या घरात सगळ्यांचंच असं आहे, सासरे अजूनही भाजी आणायला दुसऱ्या गावच्या बाजाराला जातात.

मंगळवारी त्याची दुसरी पाळी. घरी यायला सव्वाबारा. सव्वाचारला गजर, सव्वापाचला घराबाहेर. बाईकवर थंडीने बोटं वाकेनात. काठावर पोहोचलो तर शेजारी तंबूवाल्यांचा मुक्काम, स्पीकर रात्रीपासून चालूच असावा. तरी बसलो. मोबाईलवर सूर्योदय ७ वाजून ९ मिनिटांनी दाखवत होता. सात नऊ झाले, सव्वासात झाले, आकाश चांगलं पांढरं झालं, पण सूर्य येईना. समोर डोंगर उभा. ७:४५ ला एकदाचा त्याच्या खांद्यावरून वर आला, तोही डोळ्यांत खुपेल असा, लाल नाही की केशरी नाही. मला साडेनऊला लॅबमध्ये हजर व्हायचं होतं. पाच मिनिटांत आवरून उठलो आणि परतीच्या वाटेवर एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

चहाचं तर विचारूच नका. थर्मास म्हणजे म्हाताऱ्यांचं सामान, म्हणून त्याने छोटी शेगडी आणली होती. वाऱ्यावर ती तीनदा विझली. रात्री करून ठेवलेल्या काकडी-टोमॅटोच्या सँडविचचा लगदा झाला होता.

सूर्याचं गणित मला नंतर कळलं. मोबाईल जी वेळ दाखवतो ती सपाट क्षितिजाची. पूर्वेला डोंगर आडवा असेल तर सूर्य तेवढं चढून वर येईपर्यंत थांबावं लागतं. मोजायचं कसं? हात सरळ लांब करून मूठ धरायची. मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते, आणि आपल्या इथे सूर्याला तेवढं चढायला चाळीस मिनिटं लागतात. क्षितिजापासून डोंगराचा माथा एक मूठ वर असेल तर चाळीस मिनिटं उशीर, अर्धी मूठ असेल तर वीस. पवनेच्या काठावर आमच्या समोरचा डोंगर जवळजवळ मूठभर होता. धरणाच्या काठावरच्या बहुतेक जागा सूर्यास्ताच्या असतात, हेही कुणी सांगत नाही. खडकवासल्याच्या चौपाटीवर संध्याकाळी गर्दी का होते? कारण तिथे सूर्य पाण्यावर मावळतो. सकाळी तो तुमच्या पाठीमागे असतो.

दुसरं म्हणजे सूर्य रोज काही बरोबर पूर्वेला उगवत नाही. बरोबर पूर्वेला येतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास. डिसेंबरअखेरीस तो पूर्वेपासून दोन मुठींपेक्षा थोडा जास्तच दक्षिणेकडे सरकलेला असतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. म्हणून मे महिन्यात कुणी सुचवलेली जागा जानेवारीत चालेलच असं नाही. जायच्या आधी एखाद्या संध्याकाळी त्या जागी उभं राहून होकायंत्र लावून आग्नेयेकडे बघा. तिकडे डोंगर, इमारत, झाडी काय आहे ते कळलं की झालं.

मग फेब्रुवारीत मी ठरवलं तिथे गेलो. इंदोरीजवळचा भंडारा डोंगर. तुकोबांच्या एकांताचा डोंगर म्हणून तुम्हाला माहीत असेलच. आमच्या घरापासून गाडीवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि गाडी वरपर्यंत जाते. वर मंदिराजवळ पहाटेही माणसं असतात, पण थोडं चालून पठाराच्या देहूकडच्या कडेला गेलं की कुणी नसतं. हिवाळ्यात सूर्य साधारण देहूच्याच बाजूने वर येतो आणि मध्ये उंच काही नाही. खाली इंद्रायणीच्या पट्ट्यात धुकं साचलेलं असतं. शांतता म्हणाल तर देवळातली घंटा आणि खालून एखादा ट्रक, बस्स.

वार गुरुवारचा निवडला, आणि तोही त्याच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यातला. बुधवारी तो दुपारी चारपर्यंत घरी, रात्री नीट झोपलेला. गुरुवारी त्याला सुट्टी, मला साडेनऊचं काम. सूर्योदयाला पूर्ण दिवसाची सुट्टी लागतच नाही. सहा दहाला निघालो, सहा पस्तीसला वर, सव्वाआठला घरी. दोघांचीही रजा गेली नाही. तुमच्या सुट्ट्या जुळत नसतील तर जुळवूच नका. एकाची सुट्टी आणि दुसऱ्याचं काम उशिरा सुरू होणारं, अशी सकाळ शोधा.

आणि महिना निवडायचा तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात. तेव्हा पुण्याकडे सूर्य वर्षातला सगळ्यात उशिरा, ७ वाजून १० मिनिटांच्या आसपास उगवतो. मे-अखेरीस तोच सहाच्या आत असतो, म्हणजे गजर साडेचारचा. थंडीपेक्षा झोपमोड जास्त भांडणं लावते. पोहोचायचं मात्र अर्धा तास आधी. सगळे रंग त्या अर्ध्या तासात असतात, सूर्य वर आल्यावर पाच मिनिटांत संपतात.

आता खाणं. दशम्या. कणीक दोन वाट्या, चमचाभर तेल, मीठ, आणि पाण्याऐवजी कोमट दूध, लागेल तसं घालत पाऊण वाटीपर्यंत. दुधात मळल्याने त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, म्हणूनच तर आज्या प्रवासाला तेच द्यायच्या. सहा-सात होतात, दोघांना पुरून उरतात. रात्री जेवणाच्या पोळ्यांबरोबरच करून टाकायच्या, वेगळा घाट घालायचा नाही. फक्त गरम असताना डब्यात भरू नका, वाफेचं पाणी होऊन खालच्या दोन चिकट होतात. पूर्ण गार करून सुती फडक्यात गुंडाळायच्या. बरोबर लसणाची कोरडी चटणी, गुळाचा खडा आणि दोन केळी. पोहे-उपमा गार झाले की वातड होतात, ते घरीच बरे.

चहा थर्मासमध्येच. आधी थर्मासात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, ओतून द्यायचं, मग उकळता चहा गळ्यापर्यंत भरायचा. अर्धाच भरला तर लवकर निवतो. आलं पाण्यात उकळून घ्या, थेट दुधात टाकलं तर दूध फाटू शकतं. सूर्य वर येईपर्यंत चहा उघडायचा नाही, हा माझा नियम. आधी प्यायला की पुढे वाट बघायला हाताला काही उरत नाही.

गवतावर दव असतं. सतरंजी दोन मिनिटांत ओली होते आणि पुढचा तासभर तुम्ही फक्त त्याबद्दल बोलता. खाली फ्लेक्स टाका. आमच्याकडे कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आहे, भाऊ पालथे घालून त्यावर सतरंजी.

थोडं इशाऱ्याचंही लिहायला हवं. अगदी निर्जन जागा निवडू नका. टेकड्यांवर, घाटात अंधारात जोडप्यांना लुटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. भंडाऱ्यावर मला बरं वाटलं ते याचसाठी, हाक मारली तर ऐकायला देवळात माणसं आहेत. तीर्थाची जागा आहे, तेव्हा अंडी-बिंडी नेऊ नका आणि कचरा परत आणा. आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला बाईक चालवायला लावू नका, कितीही "मला झोप येत नाहीये" म्हणाला तरी. पवनेहून येताना हा सिग्नलला पाय टेकवून डुलकी काढत होता, हे मी तेव्हा सासूबाईंना सांगितलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं असं की भंडारा म्हणजे फिरणं नव्हे, ते देवदर्शन. मग मी विचारते, पवनेला आपण नक्की काय बघितलं? यावर तो शेगडी वारा अडवणाऱ्या पत्र्यासह घ्यायला हवी होती असं काहीतरी सांगतो. एक मात्र कबूल करते, लसणाच्या चटणीनंतर गुळाचा खडा चघळायचा ही त्याची कल्पना, आणि ती चांगली आहे.

जायच्या आधी कॅलेंडर बघा. माघ शुद्ध दशमी नेमकी याच दिवसांत येते, तेव्हा डोंगरावर मोठा सोहळा आणि तुफान गर्दी असते. एकादशीलाही नको. तुम्ही पिंपरीकडून येणार असाल तर देहूवरून या, आणि गाडी वर लावल्यावर चालायला दहा मिनिटं हाताशी ठेवा.