गाऱ्हाणे 'मांडायचे' की 'घालायचे'?

'पावसाने दडी मारली म्हणून देवळात सगळ्यांनी मिळून म्हणायला एक कविता लिहिली आणि नाव दिले "पावसाचे गाऱ्हाणे". पुण्याचा मित्र म्हणतो, ही पावसाविरुद्धची तक्रार वाटते. शब्द चुकला का?'

शब्द चुकलेला नाही, 'पावसाचे'मधला 'चे' बदला. 'शेजाऱ्याचे गाऱ्हाणे' म्हटले की शेजाऱ्याबद्दलची तक्रारही होते, म्हणून तुमच्या मित्राचा कान तिकडे गेला. 'पावसासाठी गाऱ्हाणे' करा.

खरा फरक क्रियापदात आहे. गाऱ्हाणे मांडले, सांगितले की ती तक्रार. गोव्यात आणि तळकोकणात देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे 'घालतात', ते मागणे. कोकणीतही 'गाराणें घालप' असेच म्हणतात. मराठीत लिहिताना मात्र 'ऱ्ह' ठेवा.

आता कवितेकडे. तुमच्या दोन ओळी अशा:

सुकला तरवा पाहून आपले
मन उदास झाले, मेघराजा

इथे दोन गोष्टी अडतात. 'आपले' म्हटले की ऐकणाराही त्यात आला, म्हणजे मेघराजाचेही मन उदास! देव ऐकणारा, मागणारे वेगळे, म्हणून 'आमचे'. मराठीची ही सोय फार कामाची आहे, प्रार्थनेत ती सोडू नये.

दुसरे, उत्तर गोव्यात पेडण्याकडे गाऱ्हाण्यात एक जण बोलतो आणि बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. तो होकार वाक्य पुरे झाल्यावरच देता येतो. तुमची ओळ 'आपले'पाशी तुटते. तिथे लोक कशाला होय म्हणणार? मोठ्याने म्हणून पाहा, लगेच कळेल. शिवाय 'उदास' म्हणायचीही गरज नाही, तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, दशा सांगितली की पुरे. मी असे लिहीन:

बा देवा महाराजा, मिरग कोरडा गेला.
— व्हय महाराजा!
मरडातला तरवा पिवळा पडला.
— व्हय महाराजा!
आमचे चुकले-माकले पोटात घाल.
— व्हय महाराजा!
शेताची भेग बुजेल एवढा पाऊस दे रे महाराजा.
— व्हय महाराजा!

मरड म्हणजे उतारावरची, पावसावरच विसंबलेली भातशेती. पावसाने ओढ दिली की पहिली झळ तिलाच, म्हणून 'शेत' न म्हणता 'मरड' घेतले.

शेवटी तुम्ही 'कृपावृष्टी करून उपकृत करावे' असे लिहिले आहे. नम्रता म्हणून लिहिलेत हे कळते, पण त्याला सरकारी अर्जाचा वास येतो. गाऱ्हाण्यात देवाला सरळ 'तू' म्हणतात: 'दे रे', 'राख रे', 'सांभाळ रे'. इथे 'रे' उद्धट होत नाही, कारण पाठोपाठ 'महाराजा' येते. मालवणी वळण हवे असेल तर 'दी रे म्हाराजा' करा, पण मग चारही ओळी त्याच बोलीत न्या. एकच ओळ बोलीत ठेवली तर ती नाटकातली वाटेल.