बोटांच्या गाठी आणि गुडघ्यातलं पाणी: हा आमवात आहे का?

"आमवातानं माझ्या आईची बोटं वाकडी झाली. आता माझ्याबी बोटाला गाठी आल्यात, उजव्या गुडघ्यात पाणी भरलंय, अन् आमवातासाठी रक्तात बघतात तो आरए फॅक्टर थोडा वाढलेला निघालाय. मलाबी तेच झालंय का?"
(वय 56, शेतमजूर, परतूर तालुका)

मावशींचे हात आधी टेबलावर पालथे ठेवून घेतले. गाठी होत्या नखाजवळच्या पेरांवर, आणि दाबल्या तर हाडासारख्या टणक लागत होत्या. धुणं पिळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. मुठीचे उंचवटे आणि मनगटं मात्र साफ होती. हा नकाशा झिजेच्या संधिवाताचा. आमवात बहुधा मुठीचे उंचवटे, मनगटं आणि पायाच्या बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी धरतो, नखाजवळचं पेर सहसा सोडतो. त्याची सूज बोटाला मऊ, लिबलिबीत लागते. मधलं पेर दोन्हींत सुजतं, म्हणून एकट्या त्यावर निदान करू नये. सकाळचा आखडलेपणाही मावशींना चूल पेटेपर्यंतच, दहा-पंधरा मिनिटं. आमवातात तो बहुधा तासाच्या वर रेंगाळतो.

गुडघ्याचा पहिला एक्स-रे झोपवून काढलेला होता, त्यात सांध्यातल्या दोन हाडांमधली फट बरी दिसत होती. उभं करून काढल्यावर अंगाचा भार पडला आणि आतल्या बाजूची फट अरुंद दिसली. तिथलं हाड पांढरं, घट्ट झालेलं आणि कडेला हाडाचं टोक वाढलेलं. आमवातात फट सगळीकडून सारखी कमी होते, सांध्यालगतचं हाड विरळ दिसतं आणि कडा कुरतडल्यासारख्या होतात. हाताच्या एक्स-रेत असं काही नव्हतं. पण आमवाताच्या सुरुवातीला एक्स-रे कोराही येतो, त्यामुळे एवढ्यावर विसंबलो नाही.

उरलेली शंका गुडघ्यातल्या पाण्यानं फिटली. डॉक्टरांनी सुईनं काढलेलं पाणी गवती पिवळं आणि नितळ होतं, मागे धरलेली छापील अक्षरं आरपार वाचता आली. सुईच्या टोकातून थेंब सोडला तर काकवीसारखी लांब तार धरत होता. पांढऱ्या पेशी 700 निघाल्या. झिजेत त्या घनमिलिमीटरला 2000 च्या आत राहतात. आमवातात पाणी गढूळ आणि पातळ होतं, थेंब तार न धरता टपकतो, पेशी 2000 ते 50,000 पर्यंत जातात आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी असतात. 50,000 च्या वर गेल्या तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा, त्यात दिवस घालवायचे नाहीत.

आरए फॅक्टरचं म्हणाल, तर वय वाढलं की तो धडधाकट माणसातही थोडा वाढलेला सापडतो, आणि आमवाताच्या काही रुग्णांत सापडतच नाही. मावशींना झीजच आहे. आमवाताच्या गोळ्या त्यांना लागणार नाहीत. आई आमवाताची असल्यानं एक मात्र बजावलं: मुठीचे उंचवटे सुजले किंवा सकाळी मूठ वळायला तासभर लागू लागला, तर पुढच्या बाजाराची वाट न बघता यायचं.